आजीच्या तोंडी बसेल असं मेडिकलचं नाव

बावीस वर्षांपूर्वी मी सोलापुरात मेडिकल टाकलं तेव्हा संस्कृत शब्दकोश समोर घेऊन नाव शोधलं होतं. सहा अक्षरं, त्यात दोन जोडाक्षरं. अर्थ फार सुंदर. आजवर ते नाव माझ्या एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून मी पूर्ण ऐकलेलं नाही. माझ्या दुकानाचं गल्लीतलं नाव आहे ‘दवाखान्याखालचं मेडिकल’. वरचा दवाखाना बंद होऊन आठ वर्षं झाली, डॉक्टर पुण्याला मुलाकडे गेले, पण नाव तेच. नवा माणूस विचारत येतो तेव्हा वर बघतो, दवाखाना दिसत नाही, आणि पुढच्या मेडिकलला निघून जातो.

त्यामुळे गेल्या वर्षी माझ्या भाचीनं डी.फार्म.नंतर स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं आणि “मामा, एखादं चांगलं नाव सुचवा की” म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, चांगलं नको, टिकणारं शोधू. त्या दीड महिन्यात आम्ही जे केलं तेच इथं क्रमानं सांगतो. तुमचं दुकान बार्शीला असो, पंढरपूरला असो की जुळे सोलापुरात, रीत हीच लागू पडेल. फक्त ऐकणारे कान तुमच्या गल्लीतले घ्या.

पहिली पायरी: गल्ली सध्याच्या दुकानांना काय म्हणते ते लिहून काढा

नाव शोधायच्या आधी वही घेऊन एक फेरी मारा. दुकानापासून साधारण एक किलोमीटरच्या आतली सगळी मेडिकल्स. प्रत्येकासाठी दोन रकाने: पाटीवर काय आहे आणि लोक काय म्हणतात. दुसरा रकाना पाटी वाचून भरता येत नाही. त्यासाठी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला, रिक्षा स्टँडवर आणि दोन-चार म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, “तुम्ही गोळ्या कुठून आणता?”

भाचीचं दुकान पूर्व भागात, पाण्याच्या टाकीजवळ. हा विणकरांचा, विडी वळणाऱ्या बायकांचा भाग. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि दखनी उर्दू. आमच्या वहीत अकरा दुकानं आली. त्यातल्या तिघांनाच लोक पाटीवरच्या नावानं ओळखत होते. बाकीच्यांची नावं अशी: ‘अण्णाचं’, ‘बँकेसमोरचं’, ‘उतारावरचं’, ‘त्या चष्मेवाल्या पोराचं’. म्हणजे म्हातारी माणसं दुकान लक्षात ठेवतात ते माणसावरून, नाही तर जागेवरून. पाटी तिसऱ्या नंबरला. आणि ‘फार्मसी’ हा शब्द एकाही म्हाताऱ्याच्या तोंडी नव्हता. सगळ्यांचं ‘मेडिकल’.

त्याच फेरीत एक धोकाही दिसला. त्या अकरांत एकाच देवाच्या नावाची तीन दुकानं होती. एकाला ‘श्री’, एकाला ‘न्यू’, एकाला काहीच नाही. माझ्या स्वतःच्या गल्ल्यावर असा प्रसंग अनेकदा घडलाय: एखादे आजोबा रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं परत करायला येतात, “कालच तुमच्याकडून नेल्या” म्हणतात, आणि बिल भलत्याच दुकानाचं असतं. त्यांना वाटतं मी टाळतोय. मला वाटतं ते विसरलेत. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि भांडण मात्र नावानं लावून दिलेलं. सोलापुरात सिद्धरामेश्वरांवर कुणाची श्रद्धा नाही? पण ज्या नावाची दुकानं आधीच आजूबाजूला आहेत, ते नाव घेऊन आपण श्रद्धा मिळवत नाही, फक्त गर्दीत उभे राहतो.

होलसेलरकडेही चौकशी करा. त्याच्या माल पोचवणाऱ्या पोराला शहरातली सारखी नावं तोंडपाठ असतात, कारण चुकलेलं पार्सल परत आणायला त्यालाच जावं लागतं. आमच्या पोरानं भाचीच्या पहिल्या यादीतलं एक नाव ऐकताच हात जोडले. “ताई, नको. त्या नावाच्या चार पार्ट्या आहेत.”

दुसरी पायरी: यादी करा आणि कानानं छाटा

भाचीची पहिली यादी चौदा नावांची होती. त्यात तिच्या लेकीचं नाव, दाजींना हवं असलेलं देवाचं नाव, ‘स्वास्थ्य’ आणि ‘संजीवनी’ घालून केलेली चार जोडनावं, ‘केअर’, ‘प्लस’, ‘लाइफ’ लावलेली इंग्रजी वळणाची पाच, आणि उरलेली इकडची तिकडची.

इथं थोडं कानाबद्दल सांगायला हवं, कारण नाव ठरवणारे बहुतेक तिशीतले असतात आणि ऐकणारे सत्तरीतले. वय झाल्यावर ऐकू येणं सगळीकडून सारखं कमी होत नाही. आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. स, श, थ, आणि ‘फार्मसी’तल्या फ सारखे आवाज हे याच पट्टीतले, श्वासाच्या जोरावर उमटणारे. आ, ओ, ऊ हे मोठे स्वर आणि म, न, ग, ब हे घोगरे आवाज त्या मानानं टिकतात. म्हणून आजी म्हणते, “ऐकू येतंय रे, पण काय बोललास कळत नाही.” आवाज पोचतो, व्यंजनं गळतात. त्यात फोनवर हे उंच आवाज आणखी कापले जातात.

आता ‘स्वास्थ्य’ हा शब्द घ्या. सुरुवातीला स्व, मध्ये पुन्हा स, शेवटी थ्य. म्हाताऱ्या कानात, तेही फोनवर, यातलं उरतं जेमतेम ‘वा’. अर्थानं इतका नेमका शब्द, आणि ऐकण्यात इतका निकामी.

दुसरी गोष्ट जिभेची. आपल्याकडे चार भाषांची तोंडं आहेत. ‘ज्ञ’ आपण द्न्य म्हणतो, कन्नड आणि तेलुगू बोलणारे ग्न्य म्हणतात. उर्दूवाले चाचा ‘ळ’ चा ल करतात. ल झालेला ळ चालतो, ओळखू येतं. पण एकाच नावाचे तीन उच्चार व्हायला लागले की रिक्षावाल्याला तीन दुकानं वाटतात.

इंग्रजी वळणाच्या नावांची गोम वेगळी. केअर, हेल्थ, लाइफ, प्लस हे शब्द म्हाताऱ्यांच्या लेखी एकाच डब्यातले. ‘लाइफकेअर’ सांगा, दुसऱ्या दिवशी ‘हेल्थकेअर’ होऊन परत येतं. नाव ओळखीचं वाटतं, पण कुठलं ते आठवत नाही. त्यापेक्षा अजिबात न आठवलेलं बरं, निदान माणूस चुकीच्या दुकानात तरी जात नाही.

छाटताना आम्ही एवढंच बघितलं: मुख्य शब्द दोन किंवा तीन अक्षरांचा, स्वरावर संपणारा, स-श-थ-फ शक्यतो नसलेला, आणि चारही भाषांत एकसारखा बोलला जाणारा. चौदातली चार उरली.

लेकीचं नाव कानाच्या कसोटीत सहज पास होतं. तरी ते या चारांत नाही. मी ते काढायला लावलं, आणि यावर आमचा चांगलाच वाद झाला. माझं म्हणणं असं की म्हाताऱ्या माणसाला नावामागचं माणूस दिसायला हवं. लेक चार वर्षांची, ती गल्ल्यावर नाही. आजी पाटी वाचते, “ही कोण?” विचारते, उत्तर मिळतं, हसते आणि विसरते. नाव टिकायला रोज त्याला काहीतरी टेकू लागतो, मग तो माणसाचा असो नाही तर जागेचा.

आडनावाचंही सांगून टाकतो, कारण यावर कुणी उघड बोलत नाही. मिश्र वस्तीत आडनाव वाचलं की जात, धर्म, भाषा सगळं वाचलं जातं. एका समाजाच्या पेठेत त्याच समाजाचं आडनाव चालून जाईल, पण पूर्व भागासारख्या ठिकाणी अर्धी गल्ली ‘हे त्यांचं दुकान’ म्हणून पहिल्याच दिवशी पलीकडं जाते. देवाच्या नावाचंही थोडं तसंच. दाजींना हे पटायला आठवडा लागला. शेवटी तोड निघाली ती अशी की देव बिलाच्या वर ‘॥ प्रसन्न ॥’ म्हणून बसले, जिथं ते सोलापूरच्या प्रत्येक बिलावर असतातच.

मध्येच एक ‘अक्का’

यादीबाहेरचं नाव आलं ते असं. एका दुपारी आम्ही भाचीच्या माहेरच्या ओट्यावर वही घेऊन बसलो होतो. समोरच्या घरातली म्हातारी, विडीचं सूप मांडीवरून बाजूला ठेवून, हाक मारते: “ए अक्का, ही गोळी जेवणाआधी का जेवल्यावर, बघ की जरा.”

भाची घरातली थोरली. धाकटे भाऊ-बहीण तिला गल्लीच्या वळणानं अक्का म्हणत, म्हणून सगळी गल्ली अक्का म्हणते. कॉलेजात असल्यापासून ती या बायकांच्या चिठ्ठ्या वाचून देते. तेलुगूत अक्का म्हणजे मोठी बहीण, कन्नडमध्ये तेच, मराठीतही तेच. उर्दू बोलणाऱ्या घरांनाही इथं जन्म गेल्यामुळं तो शब्द परका नाही. दोन अक्षरं, शेवटी उघडा ‘आ’, एकही गळणारं व्यंजन नाही. आणि नावातलं माणूस रोज गल्ल्यावर उभं राहणार.

भाचीलाच ते आवडलं नाही. “मामा, चटणीच्या दुकानासारखं वाटतंय.” तिची शंका अगदीच चुकीची नव्हती, शेंगाचटणीला ते नाव शोभलं असतं. म्हणून ठरवलं की आपण भांडायचं नाही, गिऱ्हाइकांना विचारायचं.

तिसरी पायरी: चार चाचण्या

उरलेली चार आणि ‘अक्का’ अशी पाच नावं. माणसं घेतली नऊ, सगळी पासष्टच्या पुढची: चार तेलुगू घरांतली, दोन मराठी, दोन उर्दू, एक कन्नड. यात भाचीच्या घरचं कुणी घेतलं नाही. घरची माणसं कौतुक करतात, चाचणी देत नाहीत. आणि त्यांना ‘कुठलं नाव आवडलं?’ असं एकदाही विचारलं नाही. तो प्रश्न विचारलात की माणूस देवाचं नाव सांगून मोकळा होतो.

पहिली चाचणी फोनवरची. दुसऱ्या खोलीतून साध्या मोबाइलवर फोन लावायचा, मागं पंखा चालू, आणि एकदाच म्हणायचं, “मी अमुक मेडिकलमधून बोलतोय.” समोरच्यानं जे ऐकलं ते म्हणून दाखवायचं. इथं आमचं आवडतं नाव अडखळलं. नऊ जणांतल्या दोघांना ‘अक्का’चं ‘अप्पा’ ऐकू आलं. क्क आणि प्प यांच्यात कानाला फरक फार थोडा, ओठ दिसले तरच कळतो. त्यात जवळच एका अप्पांचं किराणा दुकान. ही चाचणी केली नसती तर गोळ्यांच्या ऑर्डरी किराण्यात गेल्या असत्या.

दुसरी चाचणी रिक्षाची. त्यांना नाव सांगायचं, मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, आणि वीस मिनिटांनी म्हणायचं, “समजा रिक्षानं तिथं जायचंय, काय सांगाल?” आपल्या कामाचं ते जे वाक्य बोलतात ते. बहुतेकांनी नावाला आपणहून टाकी जोडली: “टाकीपाशी अक्काचं मेडिकल हाय बघ.” त्या एका वाक्यात अप्पाची अडचणही सुटली. किराणा टाकीजवळ नव्हता. नाव आणि खूण अशी जोडी असली की एक चुकलं तरी दुसरं सावरून घेतं.

खुणेबद्दल सावध एवढंच राहायचं की ती आपल्याआधी नाहीशी होणारी नसावी. माझ्या दवाखान्याचं काय झालं ते सांगितलंच. सोलापूरकर न दिसणाऱ्या खुणाही पिढ्यान् पिढ्या वापरतात हे खरं. १८७७ साली सुरू झालेल्या गिरणीला आपण आजही ‘जुनी मिल’ म्हणतो आणि ती बंद पडून कित्येक वर्षं झाली तरी पत्ता तिच्याच नावानं सांगतो. पण हे जुन्या रहिवाशाला चालतं. सुनेला, नव्या भाडेकरूला, पुण्याहून आलेल्या मुलाला ती खूण डोळ्यांनी दिसावी लागते. दवाखाना, बँक, एटीएम, भाड्याचं ऑफिस या खुणा हलतात. टाकी, विहीर, वेस, मंदिर, दर्गा, चौक या बऱ्याच काळ राहतात. म्हणून खूण पाटीवर खाली, लहान अक्षरात लिहा. परवान्यावरच्या नावात तिला घेऊ नका.

तिसरी चाचणी आठवणीची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. चार दिवसांनी पुन्हा जाऊन विचारायचं, “त्या दिवशी दुकानाचं नाव सांगितलेलं, काय होतं हो?” कुठलीही सूचना द्यायची नाही. ‘अक्का’ नऊपैकी सात जणांना आठवलं. त्याच्या खालचं नाव तिघांना. एकानं तर ‘संजीवनी’ असलेलं नाव सांगितलं, पण ते दुसऱ्याच दुकानाचं. नऊ माणसांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण सात आणि तीन यांच्यातला फरक बघायला शास्त्र लागत नाही.

चौथी चाचणी वाचनाची. ती पाटीच्या वेळी सांगतो.

विश्वासाचं काय, हे आम्ही वेगळं विचारलं. प्रत्येकाला म्हटलं, “या नावाच्या दुकानातून साखरेची गोळी आणाल का?” साखरेची म्हणजे अर्थातच मधुमेहाची. ‘स्वस्त’ हा शब्द असलेलं एक नाव मी मुद्दाम मध्ये टाकलं होतं. एका चाचांनी तिथल्या तिथं विचारलं, “असली देतात ना?” भाव कमी असला तर तो बिलात दिसू द्या, नावात आला की संशय घेऊन येतो. ‘अक्का’वर एका आजोबांनी विचारलं, “पोरगी शिकलेली आहे ना?” हा प्रश्न फार कामाचा होता. नावात आपलेपणा आला की शिक्षण वेगळं दाखवावं लागतं. त्यामुळं भाचीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि परवाना गल्ल्यामागं, डोळ्यांच्या उंचीवर, लावायचं ठरलं. परवाना दर्शनी भागात लावावाच लागतो, पण पुष्कळ दुकानांत तो कफ सिरपच्या बाटल्यांमागं असतो.

चौथी पायरी: कागदावर जायच्या आधी काय बघायचं

नाव परवान्याच्या अर्जाआधी पक्कं करा. किरकोळ विक्रीचे परवाने अन्न व औषध प्रशासनाकडून नमुना २० आणि २१ मध्ये मिळतात आणि त्यावर दुकानाचं नाव असतं. नंतर नाव बदलायचं म्हणजे परवाना, जीएसटी, बँकेचं चालू खातं, शिक्का, बिलबुक आणि प्रत्येक होलसेलरकडची नोंद, सगळं परत.

नावापुढच्या शब्दाला कायद्यात अर्थ आहे हे बऱ्याच नव्या लोकांना माहीत नसतं. १९४५ च्या औषध नियमांत ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ असं म्हणवून घ्यायची मुभा आहे ती नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे आणि औषध स्वतः मिसळून तयार करायची सोयही आहे अशा दुकानाला. फार्मासिस्ट आहे पण तयार औषधंच विकतो, अशांसाठी ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’. आमच्यासारखी बहुतेक दुकानं या दुसऱ्या प्रकारातली. म्हाताऱ्यांना ‘फार्मसी’ शब्द नको आहे आणि नियमातही तो आपला नाही, तर आग्रह कशाला? भाचीच्या पाटीवर मोठं ‘अक्का मेडिकल’ आणि खाली ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ आहे.

काही गोष्टी सरळ टाळायच्या. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं धंद्यासाठी परवानगीशिवाय वापरायला १९५० च्या कायद्यानं मनाई आहे. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे रेडक्रॉसचं चिन्ह, ते १९६० च्या कायद्यानं राखीव आहे. पेंटर सवयीनं काढून मोकळा होतो, त्याला आधीच हिरवा क्रॉस सांगा. ‘सिव्हिल’ किंवा ‘जन’ लावून सरकारी वाटेल असं नाव ठेवू नका. म्हातारा माणूस त्या भरवशावर येतो आणि एकदा कळलं की परत येत नाही. ‘२४ तास’ नावात घेणाऱ्यानं रात्री अडीचला शटर उघडायची तयारी ठेवावी.

ट्रेडमार्कचा शोध सरकारी संकेतस्थळावर फुकट होतो. औषधांसाठी वर्ग ५ आणि दुकानदारीसाठी वर्ग ३५ बघायचा. गल्लीतल्या दुकानाला नोंदणी करावीच असं नाही, पण एखाद्या मोठ्या साखळीच्या नावाशी किंवा औषधाच्या ब्रँडशी मिळतंजुळतं निघालं तर तिथंच सोडून द्या. औषधासारखं नाव असलं की आणखी एक घोटाळा होतो. म्हातारी माणसं चिठ्ठीवरचं औषध आणि दुकान यांची अदलाबदल करतात.

पाचवी पायरी: पाटी

चौथी चाचणी इथं. पेंटरकडून अंतिम पाटी करायच्या आधी मुख्य शब्द खऱ्या मापात कागदावर छापून घ्या, शटरला चिकटवा, आणि रस्त्याच्या पलीकडून एखाद्या मोतीबिंदू असलेल्या माणसाला, चष्मा असेल तर चष्म्यासह, वाचायला सांगा. एकदा दुपारी, एकदा दिवे लागल्यावर.

पाटीवाल्यांचा ठोकताळा असा की दर दहा फूट अंतराला अक्षराची उंची एक इंच. तीस फुटांवरून वाचायचं तर तीन इंच. हा हिशेब धड डोळ्यांसाठी आहे. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी मी निदान दुप्पट धरतो, आणि वरच्या-खालच्या मात्रा सोडून फक्त अक्षराचं अंग मोजतो. दोन अक्षरांच्या नावाचा फायदा इथं परत दिसतो. दहा फूट रुंद पाटीवर ‘अक्का’ फूटभर उंच सहज बसतं. माझं सहा अक्षरी नाव त्याच पाटीवर पाच इंचांत कोंबावं लागलं होतं.

‘क्क’ कसा काढायचा यावर पेंटरशी वाद झाला. त्याला एकाखाली एक असा जुन्या वळणाचा देखणा वाटत होता. लांबून त्याचा नुसता काळा ठिपका दिसत होता. आडवा, अर्धा क आणि पूर्ण क शेजारी, असा घेतला तेव्हा समोरच्या आजोबांनी पहिल्या फटक्यात वाचला.

रंग पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या जमिनीवर गडद निळा-काळा. निळ्यावर हिरवा, लालवर काळा हे म्हाताऱ्या डोळ्यांना एकमेकांत मिसळलेले दिसतात. पळत्या लाल दिव्यांची पट्टी लावू नका. मोतीबिंदू असलेल्याला दिव्याभोवती वलय दिसतं आणि अक्षर त्यात बुडतं. पाटीवर वरून उजेड पाडणारा साधा दिवा पुरतो. आणि सोलापूरच्या उन्हात फ्लेक्सवरचा लाल रंग आधी उडतो, म्हणून फोन नंबर लालमध्ये लिहू नका.

नाव मराठीत, देवनागरीत हवंच. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही तो नियम लागू आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्याखाली आम्ही तेलुगूत एक ओळ घेतली. वाचणारे थोडेच, पण ज्यांना ती वाचता येते ती जुनी माणसं पाटीखाली थांबून ती मोठ्यानं वाचतात.

सहावी पायरी: नाव घरात पोचवा

गोळ्या संपतात त्या घरी, आणि दुकान आठवायची वेळ तीच. तिथं पाटी नसते, पुडी असते. म्हणून कागदी पाकिटावर नाव आणि नंबर मोठ्या अक्षरांत, शिक्क्यानं का होईना, उमटवा. नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहा. शिक्का किंवा चिकटपट्टी गोळ्यांच्या पट्टीवर मारू नका, मुदतीची तारीख झाकली जाते.

फोन उचलताना पहिले सहा महिने एकच वाक्य: “अक्का मेडिकल, टाकीजवळचं.” दुकानात मदतीला ठेवलेल्या पोरानंही हेच म्हणायचं, नुसतं ‘हॅलो’ नाही.

मग राहिले पुण्या-मुंबईला गेलेले मुलगे. आज सोलापुरातल्या किती तरी आई-बापांच्या गोळ्यांचे पैसे तिकडून येतात. आई फोनवर “अक्काकडून आणते” म्हणते, मुलगा पैसे पाठवायला क्यूआरचा फोटो मागवतो, आणि पडद्यावर नाव येतं भाचीच्या नवऱ्याचं, कारण खातं त्याचं. आमच्याकडे दुसऱ्याच आठवड्यात एका मुलानं पैसे अडवून फोन केला, “आई, हा माणूस कोण?” त्याचं काहीच चुकलं नव्हतं, म्हाताऱ्यांना फसवणारे फोन रोज येतात. त्याच दिवशी दुकानाच्या नावाचं चालू खातं उघडायचा अर्ज दिला. पाटी, बिल, परवाना, क्यूआर, नकाशा, व्हॉट्सॲप, सगळीकडं एकच नाव आणि इंग्रजीतलं स्पेलिंगही एकच ठेवा. आम्ही Akka Medical घेतलं. बिलावरही तेच, नकाशावरही तेच.

चालू दुकान विकत घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. जुन्या दुकानाला गल्ली ज्या नावानं हाक मारते त्याची चौकशी करा आणि निदान वर्ष-दोन वर्षं पाटीवर ‘पूर्वीचं’ म्हणून ते राहू द्या, अर्थात आधीच्या मालकाची हरकत नसेल तर. आणि त्याच्या काळातल्या तक्रारी असतील तर त्याही त्या नावाबरोबर येतात, हे सौदा करताना धरून चाला.

तीन महिन्यांनी पहिल्या पायरीची वही परत काढली आणि चहावाल्याला, रिक्षा स्टँडवर तोच प्रश्न विचारला. आमच्या दुकानासमोरच्या रकान्यात तीन नोंदी आल्या: ‘अक्काचं’, ‘टाकीपासचं अक्का’ आणि एका चाचांचं ‘अक्काजान मेडिकल’. भाचीनं चाचांची दुरुस्ती केली नाही. त्यांची रक्तदाबाची गोळी दर महिन्याच्या पाच तारखेला संपते, आणि चार तारखेला त्यांचा फोन येतो.